करारनामा गप्प बसला की कायदा बोलतो

कोथरूडमधल्या तीन आर्किटेक्टांनी एकत्र काम करायचं ठरवलं, असं समजू. वयानं मोठ्या भागीदारानं १२ लाख रुपये रोख घातले. दुसरीनं २ लाख दिले. तिसऱ्याकडे पैसे नव्हते, पण बांधकाम परवानगीची सगळी कामं तो हातोहात उरकणारा. त्यानं आपल्या कामाच्या रूपात ६ लाखांचा वाटा द्यायचं कबूल केलं. नफा ५०, ३० आणि २० टक्के असा वाटायचं तोंडी ठरलं. सीएच्या ऑफिसमधून तयार मसुदा आला, नावं आणि पत्ता भरला गेला, सह्या झाल्या. नफ्याच्या वाट्याचा रकाना मात्र कोणी भरलाच नाही.

एलएलपी, म्हणजे मर्यादित दायित्व भागीदारी, आपल्याकडे २००८ च्या कायद्यानं आली आणि २००९ पासून प्रत्यक्षात नोंदवता येऊ लागली. एका भागीदाराच्या चुकीपायी दुसऱ्याचं घर जाऊ नये, ही तिची मुख्य सोय. चूक करणारा स्वतःच्या चुकीतून मात्र सुटत नाही. नोंदणीनंतर ३० दिवसांत करारनामा फॉर्म ३ बरोबर दाखल करावा लागतो, आणि घोळ बहुधा या घाईतच होतो. कारण करारनामा जिथे गप्प असतो, तिथे कायद्याची पहिली अनुसूची आपोआप लागू होते. ती म्हणते, भांडवल, नफा आणि तोटा सगळ्यांत समान.

तेव्हा पहिल्या वर्षी ३० लाख नफा झाला, तर ज्येष्ठ भागीदार १५ लाखांची वाट पाहत असेल आणि कायदा त्याच्या हातावर १० लाख ठेवेल. कामाचा मोबदला म्हणून दरमहा काही घ्यावं म्हटलं, तर अनुसूचीनुसार तोही हक्क नाही. मोबदला आणि भांडवलावरचं व्याज करारात लिहिलेलं असेल तरच मिळतं, आणि प्राप्तिकरात त्याची वजावटही तेव्हाच मिळते. व्याजाला तिथे १२ टक्क्यांची मर्यादा आहे, मोबदल्यालाही कमाल मर्यादा आहे.

सगळ्यात नाजूक प्रकरण तिसऱ्याच्या ६ लाखांचं. कायदा वाटा म्हणून रोख रक्कम, वस्तू, मालमत्ता एवढंच नव्हे, तर केलेली किंवा पुढे करायची सेवाही मान्य करतो. फक्त तिची पैशातली किंमत सीए, कॉस्ट अकाउंटंट किंवा मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून ठरवून हिशेबात दाखवावी लागते. आता हा गडी वर्षभरातच दुबईला निघाला तर? करारात नुसतं ‘६ लाखांची सेवा’ एवढंच असेल, तर तो ६ लाख परत मागेल आणि बाकीचे दोघे कपाळाला हात लावतील. शहाणा मसुदा इथे लिहितो की ही सेवा ३६ महिन्यांची आहे आणि दर महिन्याला त्यातला छत्तिसावा हिस्सा भांडवलात जमा होईल. मग बाराव्या महिन्यात निघणाऱ्याच्या नावावर बरोबर २ लाख असतात. कायदाही बाहेर पडणाऱ्याला ‘प्रत्यक्ष दिलेलं’ भांडवलच परत देतो. प्रत्यक्ष किती दिलं हे मोजायची पट्टी मात्र करारानंच द्यायची असते.

बाहेर पडण्याचं कलम सह्या करताना कोणीच वाचत नाही. मुहूर्ताच्या दिवशी काडीमोडाची भाषा नको, असा आपला स्वभाव. करार गप्प असेल तर भागीदार ३० दिवसांची लेखी नोटीस देऊन मोकळा होतो, हातातली कामं कुठल्याही टप्प्यावर असोत. त्याला त्याचं भांडवल आणि साठलेल्या नफ्यातला वाटा मिळतो, तोटा वजा करून. करारात वेगळं काही ठरवलं असेल तर ते चालतं.

समजा, दोन वर्षांनी दुसरी भागीदार निघाली. नफ्याच्या टक्केवारीचं कलम तोवर दुरुस्त झालेलं आहे. वाटप न झालेला नफा २० लाख, तिचे ३० टक्के म्हणजे ६ लाख, वर भांडवलाचे २ लाख. एकूण ८ लाख. हिशेब सोपा दिसतो, पण बँकेत आहेत जेमतेम ५ लाख. बाकीचा नफा बिल्डरांकडे थकलेल्या बिलांत अडकलेला. हे पैसे किती दिवसांत द्यायचे याचं वेळापत्रक कायद्यात नाही. सहा तिमाही हप्ते, उशीर झाल्यास अमुक दरानं व्याज, अशी एक ओळ करारात असेल तर दोन्ही बाजूंची झोप शाबूत राहते.

त्याहून मोठी खाच हिशेबाच्या पद्धतीत आहे. एलएलपी आपले हिशेब रोखीच्या पद्धतीनं ठेवू शकते किंवा देय-येणे धरून. रोखीची पद्धत असेल, तर थकलेली बिलं नफ्यात धरलीच जात नाहीत आणि जाणारीच्या ८ लाखांचे ३-४ लाखही होऊ शकतात. शिवाय अर्धवट काम असतंच. एका सोसायटीच्या पुनर्विकासाचे नकाशे तिनं रात्री जागून काढले. टप्प्याची १० लाखांची फी बांधकाम सुरू करण्याचा दाखला मिळाल्यावर द्यायची होती आणि दाखला आला ती गेल्यावर चार महिन्यांनी. बिलच निघालेलं नसल्यामुळे ही रक्कम बहुधा कुठल्याच वहीत नसते. म्हणून करारात लिहावं, की निघण्याच्या दिवशी प्रत्येक कामाचा किती भाग झाला याची यादी होईल आणि फी हाती आल्यावर त्या प्रमाणात वाटा मिळेल. त्या टप्प्याचं ८० टक्के काम झालं होतं असं धरलं, तर ८ लाखांचे ३० टक्के, म्हणजे २ लाख ४० हजार तिचे.

‘पाच वर्षं पुण्यात प्रॅक्टिस करणार नाही’ हे कलम मसुद्यांत हौसेनं घातलं जातं. भारतीय करार कायद्यापुढे ते टिकणं अवघड. चालू प्रकल्पांची यादी जोडून तेवढी कामं ओढून न्यायची नाहीत आणि नकाशांवर हक्क कोणाचा, एवढंच नेमकं लिहिलेलं जास्त उपयोगी पडतं. भागीदार गेल्याची सूचना निबंधकाकडे ३० दिवसांत फॉर्म ४ नं जायला हवी. उरलेल्यांनी टाळाटाळ केली तर जाणाऱ्याला ती स्वतः देता येते, आणि त्यानं ती द्यावीच; कारण सूचना पोहोचेपर्यंत बाहेरच्या जगासाठी तो भागीदारच असतो.

आता भांडण. अनुसूचीनुसार निर्णय डोकी मोजून होतात, भांडवल मोजून नाही. त्यामुळे १२ लाखवाल्यालाही मत एकच. दोघं मिळून तिसऱ्याला काढूनही टाकू शकत नाहीत, करारात तसा स्पष्ट अधिकार दिलेला नसेल तर. आणि करारातून न सुटलेला वाद लवादाकडे जातो. लवाद म्हणजे खर्च आला. म्हणून आकड्यांचे वाद, वाटा किती निघतो यासारखे, एका त्रयस्थ सीएकडे सोपवावेत आणि त्याचा आकडा अंतिम मानावा. बाकीच्यांसाठी आधी मध्यस्थी, ३० दिवसांत जमलं नाही तर एकच लवाद, लवादाचं ठिकाण पुणे.

‘लवाद ज्येष्ठ भागीदार नेमेल’ असं मात्र लिहू नये. गुंटूरजवळच्या एम्सच्या आराखड्यावरून पर्किन्स ईस्टमन ही वास्तुविशारद संस्था आणि एचएससीसी ही सरकारी कंपनी यांच्यात वाद झाला. तिथल्या करारात लवाद नेमण्याचा अधिकार कंपनीच्याच प्रमुखाला होता. वादाच्या निकालात ज्याचा हितसंबंध आहे त्याला एकट्याला एकमेव लवाद नेमता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये सांगितलं. नाव दोन्ही बाजूंनी मिळून ठरवावं. नाहीच जमलं तर उच्च न्यायालय नेमतं.

अजून एक सही बहुतेक करारांत राहून जाते, ती खुद्द एलएलपीची. भागीदार आपापसात सह्या करतात आणि पुढे थकलेल्या पैशांसाठी दावा मात्र एलएलपीवर लावावा लागतो. ‘आम्ही तर सहीच केलेली नाही, मग लवाद कसला?’ असा मुद्दा एका मोठ्या सल्लागार एलएलपीच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयापुढे आला होता. एलएलपी स्वतःच्याच करारनाम्याला परकी नाही, असं म्हणत न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये तो फेटाळला. तरीही नोंदणी झाल्यावर नियुक्त भागीदारानं एलएलपीच्या वतीनं सही करून ठेवली, तर कोर्टाची ती एक फेरी वाचते.