कार्यमुक्तीचे पत्र : तारखा, हुद्दा आणि कमी शब्द

नव्या कंपनीत पडताळणी करणारा माणूस तुमचे अनुभवपत्र कौतुक वाचण्यासाठी हातात घेत नाही. तो त्यातल्या तारखा आणि हुद्दा तुमच्या अर्जाशी, पगाराच्या स्लिपशी आणि पीएफच्या नोंदीशी ताडून बघतो. जुळले की फाईल पुढे सरकते, नाही जुळले की जुन्या कंपनीला मेल जातो आणि रुजू होणे लांबते. लहान कारखान्यांत हे पत्र बहुधा अकाउंट्सचाच माणूस जुन्या नमुन्यावर नाव बदलून काढतो. घोळ तिथेच सुरू होतो.

समजा, चाकणच्या एका कारखान्यातला स्टोअरमधला मुलगा नोकरी सोडतो आहे. ३ जून २०१९ रोजी तो स्टायपेंडवर ट्रेनी म्हणून लागला. वर्षभराने, ३ जून २०२० पासून त्याला ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह, स्टोअर्स या हुद्द्यावर घेतले आणि तेव्हापासून पीएफ कापला जाऊ लागला. राजीनामा १२ ऑगस्ट २०२४ चा, नोटीस तीस दिवसांची आणि कामाचा शेवटचा दिवस १० सप्टेंबर. पत्रात नुसते ‘२०१९ ते २०२४’ लिहिले, तर ते पीएफच्या नोंदीशी जुळणार नाही, कारण तिथे रुजू तारीख २०२० ची दिसते. मुलाने काही लपवलेले नसताना खुलासा मात्र त्यालाच द्यावा लागतो. त्यावर उपाय म्हणजे प्रशिक्षणाचा काळ आणि नोकरीचा काळ पत्रात वेगवेगळे लिहायचे. महिन्याचे नाव अक्षरी असावे. ०३/०६ हे कोणी ३ जून वाचतो, तर कोणी ६ मार्च.

दुसरी गोम शेवटच्या तारखेत असते. पीएफ भरणाऱ्याने सोयीसाठी बाहेर पडण्याची तारीख महिनाअखेर, म्हणजे ३० सप्टेंबर टाकली आणि मुलगा १६ सप्टेंबरला दुसरीकडे रुजू झाला, तर कागदावर तो पंधरा दिवस दोन ठिकाणी नोकरीला दिसतो. जुन्या खात्यातली रक्कम नव्या खात्यात वळवतानाही हाच घोळ आडवा येतो. कंपनीने तारीख टाकलीच नाही, तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी कर्मचाऱ्याला पोर्टलवर ती स्वतः नोंदवता येते. चुकीची पडलेली तारीख मात्र वेगळी दुरुस्त करून घ्यावी लागते. म्हणून पत्रावरची तारीख आणि पीएफला कळवलेली तारीख एकाच बैठकीत ठरवावी.

हुद्दा नेमणूकपत्रात किंवा बढतीच्या पत्रात आहे तोच लिहावा. शॉपवर सगळे त्याला ‘स्टोअर इन्चार्ज’ म्हणत असतील, पण तसे पत्र कधी दिलेच नसेल, तर जाता जाता प्रेमाने दिलेला मोठा हुद्दा त्यालाच अडचणीत आणतो. पगार लेबर कॉन्ट्रॅक्टरकडून होत असेल, तर पत्रही कॉन्ट्रॅक्टरच्या लेटरहेडवरच हवे.

शब्दांच्या बाबतीत कंजूष असावे. आजारपण, भांडण, बाकी उचल यातले काहीही या पत्रात नको. हिशोबाचा कागद वेगळा काढावा. ‘अत्यंत हुशार व मेहनती’ हेही मी गाळेन, कारण त्याची पडताळणी होत नाही. मजकूर इतका पुरे :

“प्रमाणित करण्यात येते की, श्री. ____ हे आमच्याकडे ३ जून २०१९ ते २ जून २०२० या काळात प्रशिक्षणार्थी होते व ३ जून २०२० ते १० सप्टेंबर २०२४ या काळात नोकरीस होते. कार्यमुक्तीच्या वेळी त्यांचा हुद्दा ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह, स्टोअर्स असा होता. त्यांनी दि. १२ ऑगस्ट २०२४ रोजी दिलेला राजीनामा स्वीकारून त्यांना १० सप्टेंबर २०२४ रोजी कामकाज संपल्यावर कार्यमुक्त करण्यात आले. आमच्या माहितीनुसार सेवाकाळात त्यांची वर्तणूक समाधानकारक होती.”

कामावरून काढले असेल तर ‘राजीनामा’ लिहिणे सरळ खोटे आहे, आणि जुन्या कंपनीला फोन गेला की ते उघडे पडते. अशा वेळी कारणात न शिरता ‘दि. अमुकपासून त्यांची सेवा संपुष्टात आली’ एवढेच लिहावे आणि वर्तणुकीचे वाक्य गाळावे. ते वाक्य नाही हे जाणकार वाचक टिपतो, तरी खोटेपणाचा ठपका कोणावर येत नाही.

लेटरहेडवर जावक क्रमांक, तारीख, सही करणाऱ्याचे नाव व हुद्दा, शिक्का आणि कंपनीचा ईमेल हवा. पडताळणीचा मेल तिथेच येतो. नोकरी सोडणाऱ्याने शेवटच्या दिवसाच्या आठवडाभर आधी पत्राचा मसुदा मागून घ्यावा आणि नेमणूकपत्र, शेवटची पगार स्लिप व पीएफची सेवा-नोंद शेजारी ठेवून वाचावा. सही-शिक्का झाल्यावर दुरुस्ती मागितली की लहान कंपनीत तो कागद साहेबांच्या टेबलावर महिना-महिना पडून राहतो.