एक लाडू कोणी खाल्ला?

सापडलेला डबा मुलगी बाईंना देते, वर्ग टाळ्या वाजवतो, बक्षीस म्हणून पेन मिळतं. दुसरीच्या मुलांना अशी गोष्ट सांगितली, तर त्यांच्या लक्षात राहतं ते पेन. प्रामाणिकपणाचा कस लागायचा तर गोष्टीत खोटं बोलायला वाव हवा. म्हणून पुढच्या गोष्टीत एक लाडू आधीच पोटात गेला आहे. वाक्यं छोटी आणि जोडाक्षरं मोजकी, म्हणजे मुलांना ती स्वतः वाचता येईल.

‘मधली सुटी झाली. चिंचेखाली निळा डबा होता. सायलीने तो उघडला. आत दोन लाडू! तिने एक खाऊन टाकला. तेवढ्यात कबीर रडत आला. “माझा डबा हरवला!” सायलीने डबा पाठीमागे लपवला. कबीर रडतच होता. मग ती हळूच बाईंकडे गेली. “बाई, डबा मला सापडला. एक लाडू मी खाल्ला.” बाई म्हणाल्या, “तू खरं सांगितलंस, मला बरं वाटलं. आता कबीरला काय सांगशील?”’

बाई रागावत नाहीत, यामागे कारण आहे. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ कांग ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014मध्ये 3 ते 7 वर्षांच्या मुलांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुलाला खेळण्याकडे पाहू नकोस असं बजावून मोठी व्यक्ती खोलीबाहेर जाई. परत आल्यावर एक गोष्ट वाचून दाखवी आणि मग विचारी, “पाहिलंस का?” खोटं बोलल्याची शिक्षा भोगणाऱ्या पिनोकिओच्या गोष्टीने कबुली वाढली नाही. चेरीचं झाड तोडल्याचं कबूल करून शाबासकी मिळवणाऱ्या छोट्या जॉर्ज वॉशिंग्टनच्या गोष्टीने मात्र वाढली. त्याच गोष्टीचा शेवट बदलून त्याला खोटं बोलल्याबद्दल शिक्षा झाल्याचं दाखवलं, तेव्हा हा परिणाम नाहीसा झाला. अर्थात, कबुली तपासली होती ती गोष्ट ऐकल्यानंतर लगेच.

गोष्टीनंतरच्या प्रश्नांत ‘सायली चांगली मुलगी आहे ना?’ हा प्रश्न नको. सगळा वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणाला, की समजावं, प्रश्नातच उत्तर होतं. ‘तुमच्यापैकी असं कोणी केलंय?’ हेही चारचौघांत विचारू नये. त्याऐवजी हे विचारता येतील:

1. सायलीने डबा का लपवला असेल?
2. ती गप्प बसली असती, तर कोणाला कळलं असतं?
3. खाल्लेल्या लाडवाची भरपाई ती कशी करेल?
4. पळताना धक्का लागून एखाद्याने दोन्ही लाडू मातीत सांडले असते, तर जास्त चूक कोणाची? त्याची की सायलीची?

चौथ्या प्रश्नाचं मूळ जाँ पियाजे यांच्या अभ्यासात आहे. लहान मुलं बरेचदा हेतूपेक्षा नुकसान किती झालं ते मोजतात, असं त्यांना आढळलं होतं. त्यामुळे या प्रश्नावर वर्गात दोन तट पडू शकतात. बाईंनी लगेच निकाल देऊ नये. ‘तुला असं का वाटतं?’ एवढंच दोन्ही बाजूंना विचारावं.