पिट्युटरीच्या पेशी: रंग काय सांगतो आणि काय सांगत नाही

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी हिस्टॉलॉजीच्या जर्नलमध्ये पिट्युटरी ग्रंथीच्या पुढच्या भागाची आकृती गुलाबी आणि जांभळ्या पेन्सिलीने काढली जाते. गुलाबी पेशी आम्लरंगी म्हणजे ॲसिडोफिल, निळसर-जांभळ्या बेसोफिल आणि जवळजवळ रंगहीन त्या क्रोमोफोब. परीक्षेपुरती ही विभागणी ठीक आहे. पण तिच्यातून तीन गैरसमज रुजतात आणि पुढे गाठीचा अहवाल वाचताना ते नडतात. तिन्हींचे मूळ एकच: रंग संप्रेरकाचा आहे असे धरून चालणे. रंग प्रत्यक्षात पेशीतल्या कणांमध्ये काय आणि किती साठले आहे, हे दाखवतो.

गैरसमज: एक रंग म्हणजे एक संप्रेरक.
वस्तुस्थिती अशी की रंग तीन असले, तरी संप्रेरके बनवणाऱ्या पेशी पाच प्रकारच्या आहेत. वाढीचे संप्रेरक बनवणाऱ्या सोमॅटोट्रॉफ आणि प्रोलॅक्टिन बनवणाऱ्या लॅक्टोट्रॉफ या दोन्ही ॲसिडोफिल गटात मोडतात. एकट्या सोमॅटोट्रॉफच पुढच्या भागातील पेशींच्या निम्म्याच्या आसपास असतात. बेसोफिल गटात टीएसएच बनवणाऱ्या थायरोट्रॉफ, एफएसएच व एलएच बनवणाऱ्या गोनॅडोट्रॉफ आणि एसीटीएच बनवणाऱ्या कॉर्टिकोट्रॉफ येतात. एफएसएच आणि एलएच ही दोन्ही संप्रेरके बहुधा एकाच पेशीत तयार होतात. त्यामुळे नुसत्या गुलाबी किंवा जांभळ्या छटेवरून संप्रेरकाचे नाव सांगता येत नाही. त्यासाठी इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री लागते. त्यात त्या एकाच संप्रेरकाला चिकटणारे प्रतिपिंड वापरतात आणि ते जिथे चिकटते तिथे सहसा तपकिरी रंग उमटतो.

गैरसमज: बेसोफिल पेशीतले संप्रेरक साखरयुक्त प्रथिनच असते.
ही समजूत अर्धी खरी आहे. टीएसएच, एफएसएच आणि एलएच ही साखरेच्या साखळ्या जोडलेली प्रथिने आहेत. पीएएस रंजनात परआयोडिक आम्ल त्या साखरेचे ऑक्सिडीकरण करते आणि शिफ अभिकर्मकामुळे गडद किरमिजी रंग येतो. वाढीच्या संप्रेरकात, म्हणजे 191 अमिनो आम्लांच्या साखळीत, अशी साखर नसते. म्हणून त्याच्या पेशीत हा रंग येत नाही. मग एसीटीएचचे काय? तेही फक्त 39 अमिनो आम्लांचे आहे आणि त्यात साखर नाही, तरी कॉर्टिकोट्रॉफ पीएएसने ठळक रंगतात. कारण एसीटीएच स्वतंत्रपणे बनत नाही. ते पीओएमसी नावाच्या मोठ्या प्रथिनाचे तुकडे होऊन निघते आणि त्याच प्रथिनाच्या सुरुवातीच्या टोकाच्या तुकड्याला साखर जोडलेली असते. रंग त्या तुकड्याचा, पण पेशी ओळखली जाते एसीटीएचने.

गैरसमज: क्रोमोफोब पेशी संप्रेरक बनवत नाहीत.
रुग्णाच्या दृष्टीने हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज आहे. आलेला माल त्याच दिवशी विकणाऱ्या दुकानाचे गोदाम रिकामे दिसते, म्हणून तिथे व्यवहार होत नाही असे म्हणता येत नाही. तसेच कमी कण साठवणारी किंवा ते नुकतेच सोडलेली पेशी फिकी दिसते. हातपाय आणि जबडा वाढलेल्या ॲक्रोमेगालीच्या रुग्णाचे उदाहरण घेऊ. वाढीचे संप्रेरक जास्त आहे, म्हणून गाठ गुलाबी असणार अशी अपेक्षा असते. पण विरळ-कणी सोमॅटोट्रॉफ गाठीत काच-पट्टीवर फिक्या, क्रोमोफोब पेशी दिसतात. संप्रेरकाचे प्रतिपिंडही तुरळक आणि फिके उमटते. मात्र केराटिनच्या रंजनात केंद्रकाजवळ गोल तंतुमय गोळे दिसतात आणि पिट-१ हा जनुक-नियंत्रक घटक केंद्रकात सापडतो. निदान पक्के होते. हा फरक उपचारातही उमटतो: अशा गाठी ऑक्ट्रिओटाइडसारख्या औषधांना दाट-कणी गाठींपेक्षा सहसा कमी दाद देतात. अर्थात प्रत्येक फिकी पेशी लपलेली उत्पादक नसते. काही पेशी अपरिपक्व असतात, तर फॉलिक्युलो-स्टेलेट पेशी वरीलपैकी एकही संप्रेरक बनवत नाहीत.

मग जुने रंजन टाकून द्यावे का? नाही. हिमॅटॉक्सिलिन-इओसिन स्वस्त आहे, ऊतकाची रचना दाखवते आणि पुढे कोणते प्रतिपिंड लावायचे याचा पहिला अंदाज देते. हार्वे कुशिंग यांनी 1932 साली ज्या आजाराचे वर्णन केले, त्यातल्या गाठींना त्यांनी बेसोफिल म्हटले, आणि आजही पीएएस कॉर्टिकोट्रॉफ शोधायला मदत करते. मात्र अंतिम नाव देण्याचे काम रंगाचे नाही. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या 2017 च्या वर्गीकरणात गाठींची मांडणी पेशींच्या वंशावर बेतली. पिट-१ वाढीचे संप्रेरक, प्रोलॅक्टिन आणि टीएसएचच्या पेशींचा वंश दाखवतो, टी-पिट एसीटीएचचा, आणि एसएफ-१ एफएसएच-एलएचचा. अहवालात नुसते ‘क्रोमोफोब गाठ’ लिहिले असेल, तर तो निष्कर्ष नव्हे. रक्तातली संप्रेरके, प्रतिपिंडांचे निकाल आणि वंश या तीन गोष्टी जुळल्यावरच गाठीचे नाव ठरते.