हापूसची पेटी, आमरसाची बाटली आणि दहा गुणांचा प्रश्न

अन्नतंत्रज्ञानाच्या पदवी परीक्षेतला हा ठरलेला प्रश्न आहे: उष्णता न देता अन्न टिकवण्याच्या पद्धती म्हणून उच्च दाब प्रक्रिया आणि विकिरण यांची माहिती लिहा. उत्तरंही बहुतेक ठरलेलीच असतात. दाबामुळे जंतू मरतात, जीवनसत्त्वं टिकतात, चव ताजी राहते, पण यंत्र महाग असतं. मग नवा परिच्छेद सुरू होतो: किरणांमुळे जंतू मरतात, जीवनसत्त्वं टिकतात, चव ताजी राहते, पण यंत्र महाग असतं. यातलं एकही वाक्य धडधडीत खोटं नाही. मात्र दोन्ही परिच्छेदांची शीर्षकं अदलाबदल केली तरी उत्तराला काही होत नाही, आणि तपासणाऱ्याचं लाल पेन तिथेच थबकतं.

वर्गात शिकवताना मी म्हणूनच व्याख्या बाजूला ठेवतो आणि हापूसच्या दोन पेट्यांचा हिशेब मांडतो. पहिली पेटी अमेरिकेला पाठवायची आहे. दुसऱ्या पेटीतल्या आंब्यांचा रस काढून, बाटल्यांत भरून, तो काही आठवडे मुंबईच्या दुकानात थंड कपाटात ठेवून विकायचा आहे. दोन्हीकडे उष्णता नको. मग कुठल्या पेटीला दाब आणि कुठल्या पेटीला किरण?

पहिल्या पेटीपासून सुरुवात करू. बहुतेक विद्यार्थी लिहितात की निर्यातीच्या आंब्याला टिकवण्यासाठी किरण देतात. अमेरिकेची अट वेगळीच आहे. त्यांना भीती आहे ती आपल्याकडच्या फळमाशीची आणि कोयीत लपणाऱ्या सोंडकिड्याची. हा किडा वरून दिसत नाही, साल धुऊन जात नाही, आणि गर आडवा असल्यामुळे बाहेरून केलेला उपाय त्याच्यापर्यंत पोहोचवणं अवघड असतं. गॅमा किरण मात्र साल, गर, कोय सगळं पार करून आत जातात. म्हणून भाभा अणुसंशोधन केंद्राने लासलगावला उभारलेल्या ‘कृषक’ केंद्राला २००७ साली अमेरिकेने मान्यता दिली आणि हापूस-केशर तिकडे जाऊ लागले. गंमत अशी की २००२ साली हे केंद्र सुरू झालं ते कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून, आणि नाव मात्र झालं आंब्यामुळे.

प्रत्यक्षात होतं ते असं. निवडून, धुऊन खोक्यांत भरलेले आंबे पट्ट्यावरून एका जाड काँक्रीटच्या खोलीत जातात. तिथे कोबाल्ट-६० च्या बंद कांड्यांची चौकट असते. काम नसताना ती पाण्याच्या खोल टाकीत बुडवून ठेवतात. खोकं ठरलेला वेळ त्या चौकटीसमोरून फिरतं आणि बाहेर येतं. आंबा कोबाल्टला शिवत नाही, फक्त त्याचे किरण झेलतो. या किरणांची ऊर्जा १.१७ आणि १.३३ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट असते, आणि अन्नातल्या अणूंचं केंद्रक ढवळून त्यांना किरणोत्सारी बनवायला ती पुरत नाही. ‘आंबा किरणोत्सारी होतो का?’ या प्रश्नाचं उत्तर नुसतं ‘नाही’ असं लिहिलं तर अर्धा गुण मिळतो. हे कारण लिहिलं की पुरा.

आता मात्रेबद्दल. एक किलो वस्तूत एक ज्यूल ऊर्जा शोषली गेली की एक ग्रे. आंब्याला किमान ४०० ग्रे लागतात, आणि ताज्या फळासाठी कमाल मर्यादा १००० ग्रे म्हणजे एक किलोग्रे आहे. पेपरात हमखास ‘४०० किलोग्रे’ वाचायला मिळतं. ही हजारपट चूक आहे. इंजेक्शनच्या सिरिंजसारख्या वस्तू पूर्ण निर्जंतुक करायलाही सहसा २५ किलोग्रे पुरतात.

किमान आणि कमाल असे दोन आकडे का, हे मात्र फारसं कुणी लिहीत नाही. किरण खोक्यातून जाताना वाटेतल्या आंब्यांत शोषले जातात. त्यामुळे कडेच्या आंब्याला जास्त मात्रा मिळते आणि मधल्याला कमी. समजा एका मांडणीत कडेला मधल्याच्या दुप्पट मात्रा पडते. मधल्या आंब्याला ४०० ग्रे द्यायचे तर कडेचा ८०० वर जाईल, आणि हे चालेल. पण खोकी जास्त दाटीने रचली आणि हे प्रमाण तिप्पट झालं, तर कडेचा आंबा १२०० ग्रेवर जाऊन मर्यादा ओलांडतो. फळाला मात्रा जास्त झाली की सालीवर डाग पडतात आणि ते नीट पिकत नाही. म्हणून खोक्यांत ठरलेल्या जागी मात्रामापक ठेवतात आणि ते वाचल्याशिवाय माल सोडत नाहीत.

आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांना पटायला जड जाते: ४०० ग्रेमुळे किडा लगेच मरेलच असं नाही. त्याच्या पेशींतल्या डीएनएचे धागे इतके तुटतात की त्याची पुढची पिढी होत नाही. त्यामुळे पलीकडे तपासनिसाला एखादा जिवंत किडा सापडला, तरी तेवढ्यावरून प्रक्रिया फसली असं म्हणता येत नाही. आंबा हातात घेऊन, हुंगून, चाखूनही त्याला किरण दिलेत की नाहीत ते कळत नाही. पुरावा म्हणजे मात्रेची नोंद आणि कागद. २०२५ च्या मे महिन्यात नवी मुंबईतून विकिरण होऊन गेलेल्या आंब्यांच्या काही खेपा अमेरिकेच्या विमानतळांवर नेमक्या कागदांतल्या त्रुटींवरून नाकारल्या गेल्या, आणि तो माल तिथेच नष्ट करायची पाळी आली.

हाच अख्खा आंबा दाबाच्या यंत्रात घातला तर? किडा जगणार नाही, पण आंबाही आंबा राहणार नाही. त्यासाठी यंत्र कसं चालतं ते पाहायला हवं. पोलादी जाड नळकांड्यात पाणी भरतात, बंद बाटल्या त्यात ठेवतात आणि पंपाने आणखी पाणी रेटून दाब साधारण ६०० मेगापास्कलपर्यंत नेतात. पृथ्वीवरच्या सगळ्यात खोल समुद्राच्या तळाशी असतो त्याच्या पाचपटीहून हा जास्त. असा दाब तीन मिनिटं ठेवून सोडून देतात. तो सगळ्या बाजूंनी सारखा आणि सगळीकडे एकदमच पडतो, त्यामुळे कडेची बाटली आणि मधली बाटली असा भेद इथे राहत नाही. पाणीही या दाबाखाली सुमारे १५ टक्के आकसतं. म्हणून लवचीक प्लॅस्टिकची बाटली आकसून पुन्हा पूर्ववत होते. काच फुटते, पत्र्याचा डबा चेपतो. अख्ख्या फळाच्या पेशींमध्ये मात्र हवा असते. दाबाखाली ती जवळजवळ नाहीशी होते, पेशी कोसळतात, आणि दाब सोडल्यावर उरतो पाणचट, काळपट पडत जाणारा लगदा.

रसात ही अडचण नाही, कारण रस आधीच मोडलेला आहे. दुसरी पेटी दाबाच्या वाटेने जाते ती म्हणून. शिवाय दाब रेणूंच्या आकारात भेद करतो, आणि उत्तराचा गाभा इथेच आहे. दाबाखाली जास्त जागा व्यापणारी रचना कमी जागेच्या रचनेकडे झुकते. प्रथिनांच्या घड्या धरून ठेवणारे नाजूक बंध त्यामुळे सुटतात, जंतूंची आवरणं झिरपू लागतात आणि यीस्ट, बुरशी, साल्मोनेलासारखे जीवाणू मरतात. अणूंना जोडणारे पक्के सहसंयुज बंध मात्र जागचे हलत नाहीत. क जीवनसत्त्व, केशरी रंग, हापूसचा वास हे सगळे छोटे रेणू अशाच पक्क्या बंधांवर उभे आहेत, म्हणून ते वाचतात. किरणांचं उलट आहे. ते जिथे आदळतात तिथला पक्का बंधही तोडतात, आणि लांबलचक डीएनए हे त्यांचं सगळ्यात मोठं लक्ष्य असतं.

म्हणूनच आमरसाला किरण नकोत. किड्याला वांझ करायला ४०० ग्रे पुरतात, पण रसातल्या जंतूंची संख्या पुरेशी खाली आणायला काही हजार ग्रे लागतात. त्या मात्रेत रसातल्या भरपूर पाण्याचे तुकडे होऊन तयार झालेले आक्रमक कण जीवनसत्त्वावर, रंगावर आणि वासावर तुटून पडतात.

दाबाच्याही मर्यादा आहेत, आणि परीक्षक त्या शोधत असतो. जीवाणूंचे बीजाणू साध्या तापमानाला ६०० मेगापास्कल सहज सोसतात. त्यांतला सगळ्यात घातक म्हणजे बोट्युलिझमचा. तो ४.६ पेक्षा कमी सामूवर वाढत नाही, आणि हापूसचा रस साधारण ४ च्या आसपास असतो. आमरस बचावतो तो दाबामुळे जितका, तितकाच स्वतःच्या आंबटपणामुळे. याच बाटलीत बासुंदी भरली तर हा आधार जातो. दुसरी मर्यादा विकरांची. फळ काळं पाडणारं विकर दाबातूनही थोडंफार जिवंत राहतं. बाटलीतल्या वरच्या थराचा रंग आधी उतरू लागला की समजावं. रस वर पाणी आणि खाली चोथा असा फुटला तर पेक्टिन मोडणारं विकर अजून काम करतंय. बाटली फुगली तर मात्र यीस्ट वाढलंय: एक तर झाकण नीट बसलं नव्हतं, नाही तर वाटेत थंडी तुटली.

उष्णता न देण्याच्या दाव्याचाही हिशेब कागदावर मांडावा, त्याला गुण मिळतात. दाब दर १०० मेगापास्कलने वाढला की पाणी साधारण ३ अंशांनी तापतं. म्हणजे ६०० ला सुमारे १८ अंश. पाच अंशांवर आत गेलेला रस तेवीसच्या आसपास पोहोचतो आणि दाब सोडताच पुन्हा उतरतो. आंब्यात ४०० ग्रे म्हणजे किलोमागे ४०० ज्यूल, त्याने फळ जेमतेम ०.१ अंशाने तापतं. आकड्यांकडे पाहिलं तर दाबाची पद्धतच जास्त तापवते, पण पाश्चरीकरणाच्या तुलनेत दोन्ही थंडच.

तोंडी परीक्षेत मी शेवटी तिसरी वस्तू पुढे ठेवतो: मिरचीपूड. दाबाने काम होतं ते पाण्याच्या आधाराने, आणि कोरड्या पुडीत जंतू ६०० मेगापास्कललाही फारसे बधत नाहीत. किरणांना तो अडसर नाही. उलट पाणी कमी म्हणून आक्रमक कणही कमी तयार होतात, आणि वास-रंगाला मोठा धक्का न लावता आंब्याच्या कितीतरी पट मात्रा देता येते. मसाल्यातले जंतू कमी करण्यासाठी भारतीय नियमांत ६ ते १४ किलोग्रेची मुभा आहे. नव्या मुंबईत वाशीला मसाल्यांचं विकिरण २००० सालापासून चालू आहे, आणि अशा पाकिटावर हिरव्या वर्तुळातलं रोपट्याचं चिन्ह छापावं लागतं. ते चिन्ह कशाचं, हे विचारल्यावर ‘शाकाहारी’ असं उत्तर देणारे दर वर्षी निघतात.