उतरलेला कलप पुन्हा का चढतो?

वर्षानुवर्षं काळा कलप लावलेल्या केसांवर कलर रिमूव्हर लावला, अर्ध्या तासाने केस धुतले आणि आरशात तांबूस-तपकिरी केस दिसू लागले. संध्याकाळी तेच केस गडद वाटतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जवळपास पहिल्याइतके काळे झालेले असतात. रिमूव्हर नकली निघाला, अशी समजूत करून घेऊन बहुतेक जण तिथेच थांबतात किंवा थेट ब्लीचकडे वळतात. खरं तर रिमूव्हरने आपलं काम केलेलं असतं. राहिलेलं असतं ते त्यानंतरचं काम, म्हणजे धुणं.

हे समजण्यासाठी कलप केसात शिरतो कसा ते पाहावं लागेल. पक्क्या कलपाच्या खोक्यात दोन गोष्टी असतात. एका ट्यूबमध्ये पॅरा-फेनिलिनडायअमाइन किंवा त्याच्यासारखे लहान, जवळजवळ रंगहीन रेणू असतात आणि सोबत अमोनियासारखा अल्कधर्मी पदार्थ. दुसऱ्या बाटलीत हायड्रोजन पेरॉक्साइड असतं, त्याला डेव्हलपर म्हणतात. दोन्ही एकत्र झाल्यावर अल्कधर्मी द्रावणामुळे केस फुगतो, त्याच्यावरचे खवले सैल होतात आणि लहान रेणू गाभ्यात शिरतात. तिथे पेरॉक्साइड त्यांचं ऑक्सिडीकरण करतं, ते एकमेकांना जोडले जातात आणि मोठे, रंगीत रेणू तयार होतात. आत आलेल्या वाटेने आता त्यांना सहज बाहेर पडता येत नाही. शांपूने हा रंग निघत नाही तो यामुळेच.

रिमूव्हर याच्या नेमकं उलट करतो. त्यात सोडियम हायड्रोसल्फाइट किंवा त्याच्या जवळचे गंधकयुक्त क्षपणक असतात. सडक्या अंड्यांसारखा तो वास त्यांचाच. हे पदार्थ रंगाच्या रेणूला हायड्रोजन देतात, म्हणजे त्याचं क्षपण करतात. त्यामुळे रेणूतली इलेक्ट्रॉनांची रचना बदलते आणि तो प्रकाश शोषेनासा होतो. केस फिकट दिसू लागतात, पण रेणू केसातच असतो. तो रंगहीन झालेला असतो इतकंच. रसायनशास्त्रात या रूपाला ल्यूको रूप म्हणतात.

कापड रंगवणाऱ्यांना हे रूप फार जुन्या काळापासून ओळखीचं आहे. नीळ पाण्यात विरघळत नाही, म्हणून रंगाच्या हौदात हायड्रोसल्फाइट घालून तिचं क्षपण करतात. रंगारी त्याला ‘हायड्रो’ म्हणतात. या पिवळट-हिरव्या द्रावणातून बाहेर काढलेलं कापड हवा लागताच बघता बघता निळं होतं. नीळ रंगवताना हवेतला ऑक्सिजन हवासा असतो. रिमूव्हर वापरणाऱ्याला तोच ऑक्सिजन नडतो.

मग केस धुतल्याबरोबर काळे का होत नाहीत, तास का जातात? केसात थोडा क्षपणक शिल्लक राहिलेला असतो आणि तो आहे तोवर रंगाला डोकं वर काढू देत नाही. पण हवेतला ऑक्सिजन त्यालाही हळूहळू संपवत असतो. तो संपला की ऑक्सिजनचा मोर्चा ल्यूको रेणूंकडे वळतो आणि रंग परततो. उघडी खूण हवी असेल तर केस वाळताना पाहा. ओले केस नेहमी गडद दिसतात आणि वाळले की उजळतात. वाळता वाळता ते उलट गडद होऊ लागले, तर रंग परत येतो आहे.

आता एक प्रातिनिधिक उदाहरण घेऊ. खांद्याखाली येणारे केस, दर महिन्याला मुळांपासून टोकांपर्यंत काळा कलप. मुळांजवळच्या केसांवर रंगाचे एक-दोनच थर असतात, तर टोकांवर वीस-पंचवीस. रिमूव्हर लावल्यावर दोन्ही भाग सारखेच तांबूस दिसले, पण टोकांत अडकलेल्या ल्यूको रेणूंचा साठा कितीतरी मोठा आहे. दोन तांबे पाणी ओतून, एकदा शांपू करून केस धुतले, तर मुळांचा भाग तांबूस राहतो आणि टोकं रात्रीतून काळी पडतात. खोक्यावरच्या सूचनेत बराच वेळ वाहत्या पाण्याखाली धुवा असं म्हटलेलं असतं, ते शॉवर गृहीत धरून. आपल्याकडे बादली-तांब्याने आंघोळ करणाऱ्या घरात तेवढं पाणी डोक्यावरून जातच नाही, आणि माझ्या मते इथला बहुतांश अपेक्षाभंग त्यातूनच होतो.

म्हणून पाण्याचा दिवस बघूनच हे काम काढावं. रिमूव्हरच्या दोन्ही बाटल्या लावण्याच्या क्षणीच एकत्र कराव्यात, कारण मिश्रण उघड्यावर राहिलं की हवेनेच निकामी होतं. लावल्यावर प्लास्टिकची टोपी घालावी, म्हणजे ऊब टिकते आणि हवा दूर राहते. वेळ पाकिटावर दिल्याप्रमाणे. मग कोमट वाहत्या पाण्याखाली निदान दहा-पंधरा मिनिटं केस धुवावेत, एकेक बट वेगळी करून, टोकांना जास्त वेळ देऊन. त्यानंतर तेल काढणाऱ्या साध्या शांपूचा भरपूर फेस करून दोन मिनिटं थांबावं आणि पुन्हा धुवावं. असं तीन-चार वेळा. मध्ये केस वाळू देऊ नयेत. अंगाचा साबण वापरू नये, कारण अल्कधर्मी पाण्यात ल्यूको रूपाचं ऑक्सिडीकरण अधिक वेगाने होतं. शॉवर नसेल तर नळाला पाइप लावावा.

धुणं पुरेसं झालं का, हे तपासायला सकाळची वाट पाहावी लागत नाही. औषधाच्या दुकानात मिळणारं २० व्हॉल्यूमचं हायड्रोजन पेरॉक्साइड साधारण ६ टक्क्यांचं असतं. हातमोजे घालून ते तितक्याच पाण्यात मिसळावं आणि डोक्याच्या मागच्या, टोकापर्यंत कलप असलेल्या एका बारीक बटेवर लावून दहा मिनिटं थांबावं. हवा जे काम तासांत करते ते पेरॉक्साइड मिनिटांत करतं. बट गडद झाली, तर केसात अजून रंग आहे. मग उरलेल्या केसांचं धुणं चालू ठेवावं. काही दिवसांनी, टाळूची आग होत नसेल तर, पाकिटावरच्या सूचना पाहून रिमूव्हरचा दुसरा हात देता येतो. परत काळा झालेला रंगही पुन्हा क्षपण पावतो, त्यामुळे पहिला प्रयत्न वाया जात नाही. बट तशीच राहिली, तर काम झालं.

हा उपाय कुठे चालत नाही तेही सांगायला हवं. मेंदीतलं लॉसोन केसातल्या प्रथिनाशीच जोडलं जातं, त्यावर रिमूव्हर चालत नाही. कलपातल्या पेरॉक्साइडने केसांचा नैसर्गिक काळा रंग थोडा उडालेला असतो, तोही परत येत नाही. खाली उरणारी तांबूस छटा त्यामुळेच, आणि ती कितीही धुतलं तरी जाणार नाही.

ती छटा झाकायला लोक दुसऱ्याच दिवशी नवा तपकिरी रंग लावतात आणि केस थेट काळे होतात. नव्या रंगातलं पेरॉक्साइड केसात उरलेल्या जुन्या कलपालाही जागं करतं. ‘अमोनिया-फ्री’ या शब्दांवर इथे विसंबू नये, कारण अमोनिया नसला तरी खोक्यात डेव्हलपरची बाटली बहुधा असतेच. ती असेल, तर निदान आठवडाभर थांबावं, रोज केस धुवावेत, पुन्हा बटेची चाचणी घ्यावी आणि मगच हव्या असलेल्या छटेपेक्षा एक-दोन पायऱ्या फिकट रंग निवडावा. थांबायला वेळच नसेल, तर डेव्हलपर न लागणारा, काही धुण्यांत उतरणारा तात्पुरता रंग लावावा. त्यात ऑक्सिडीकरण होत नाही, त्यामुळे आतला कलप आहे तसाच पडून राहतो.