ताप उतरला, धोका नाही

समजा, नागपुरातला मे महिना, दुपारी फिरायला नेलेला एक पग. धापा टाकत तो कोसळतो. ताप १०७ फॅरनहाइट. एरवी कुत्र्याचा ताप १०१ ते १०२.५ असतो. पगचं नाक चपटं, त्यामुळे धापा टाकूनही उष्णता पुरेशी बाहेर पडत नाही.

दवाखाना गाठण्याआधी त्याला सावलीत घेऊन अंगभर नळाचं पाणी ओतायचं, पंखा लावायचा. ओला टॉवेल पांघरून ठेवू नये, तो थोड्या वेळात गरम होऊन उष्णता कोंडतो. ताप १०३ वर आला की थांबायचं, कारण पुढेही तो आपोआप उतरत राहतो. तापाची माणसांची गोळी तर मुळीच नको. हा तसा ताप नव्हेच.

संध्याकाळी कुत्रा शेपूट हलवतो आणि घरचे निर्धास्त होतात. इथेच फसगत होते. उष्णतेने रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर भाजलेलं असतं. त्यामुळे शरीरभर बारीक गुठळ्या होतात आणि त्यांत प्लेटलेट व रक्त गोठवणारे घटक खर्ची पडतात. मग उलटंच होतं, रक्त गोठेनासं होतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हिरड्यांवर, पोटावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसतात, शौचातून रक्त पडतं. मूत्रपिंड आणि यकृतही याच दिवसांत हात टेकू शकतात. लघवी कमी होणं ही त्यातली घरी कळणारी खूण. म्हणून डॉक्टर प्लेटलेट, गोठण्याचा वेळ आणि क्रिएटिनिन पहिल्या दिवशी तपासून थांबत नाहीत, निदान तीन दिवस पुन्हा पुन्हा पाहतात. गरज पडली तर दुसऱ्या कुत्र्याचा प्लाझ्मा देतात.