नाव गाळलं, तरी रुग्ण ओळखू येतो

जिल्ह्याच्या गावी नवजात अतिदक्षता विभागात, म्हणजे एनआयसीयूमध्ये, काम करणारी एक स्टाफ नर्स आहे असं समजू. तिला पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयात अर्ज करायचा आहे, म्हणून ती लिंक्डइनवरचं प्रोफाइल नव्याने लिहायला घेते. रुग्णालयाचं नाव, विभाग आणि नोकरीचा काळ आधीपासूनच तिथे आहे. त्याखाली ती लिहिते : ‘ऑगस्ट 2023 मध्ये 30 आठवड्यांच्या तिळ्यांची काळजी घेतली. सर्वांत लहान बाळ 1100 ग्रॅमचं होतं. आई एचआयव्हीबाधित असल्याने बाळांना नेव्हिरापीन सुरू केलं.’

नाव कुणाचंच नाही. पण तिळी झाली की गावात चर्चा होते, स्थानिक पेपरात फोटो छापून येतो. कोणत्या घरी तिळी झाली हे अर्ध्या गावाला ठाऊक असतं. ठाऊक नसतो तो आईचा आजार, आणि नेमका तोच या मजकुरातून कळतो. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार अशी माहिती उघड करायला त्या व्यक्तीची रीतसर संमती लागते. त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्य कायद्यानेही गोपनीयतेचं बंधन उपचार करणाऱ्या सगळ्यांवर घातलं आहे.

किरकोळ तपशील जुळवून माणूस कसा हुडकता येतो, हे लटान्या स्वीनी या संशोधक विद्यार्थिनीने 1990च्या दशकात अमेरिकेत दाखवलं. मॅसॅच्युसेट्समध्ये सरकारी कर्मचाऱ्यांच्या रुग्णालयीन नोंदी नावं काढून संशोधनासाठी दिल्या जात होत्या. स्वीनीने 20 डॉलरला केंब्रिज शहराची मतदारयादी घेतली. राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची जन्मतारीख असलेले मतदार त्या यादीत 6 होते. त्यातले पुरुष 3, आणि वेल्ड यांच्या पिनकोडमध्ये राहणारा एकच. गव्हर्नरांच्या आजारपणाच्या नोंदी तिच्या हाती आल्या. पुढे अमेरिकेच्या आरोग्य-गोपनीयता नियमांत ओळख पटवू शकणाऱ्या 18 प्रकारच्या गोष्टींची यादीच आली. त्या पद्धतीत दाखल झाल्याच्या तारखेतलं फक्त वर्ष ठेवता येतं, आणि 89 च्या पुढचं नेमकं वयही लिहिता येत नाही.

नर्सच्या प्रोफाइलची अडचण त्याहून मोठी. तिथे जागा आणि काळ तिने स्वतःच लिहिलेले असतात आणि ते काढताही येत नाहीत. म्हणून जे गाळायचं ते रुग्णाच्या बाजूचं. भरती करणाऱ्या मेट्रनलाही त्या तिळ्यांशी कर्तव्य नसतं. युनिट केवढं होतं, एका नर्सकडे किती बाळं असत, कोणती यंत्रं हाताळली, हे तिला हवं असतं.

तेव्हा तोच अनुभव असा लिहिता येतो : ‘12 खाटांचं एनआयसीयू. 1500 ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळांची नियमित शुश्रूषा. सीपॅप व व्हेंटिलेटरवरील बाळांचं निरीक्षण, पीआयसीसी लाइनची देखभाल, नळीने दूध देणं, मातांना कांगारू पद्धतीचं प्रशिक्षण.’ एचआयव्हीबाधित मातांच्या नवजातांची काळजी हे कौशल्य कौशल्यांच्या यादीत, झालेल्या प्रशिक्षणाशेजारी, वेगळं बसतं. तिळ्यांचा उल्लेख मात्र पूर्ण जातो. या दोन गोष्टी एका वाक्यात आल्या की घात होतो.

आकडे द्यायलाही हरकत नसते, फक्त ते लहान नसावेत. ‘वर्षाला अनेक मुदतपूर्व बाळं’ यातून कुणीच सापडत नाही; ‘एक सयामी जुळं’ म्हटलं की सापडलंच. शिवाय युनिटमधलं जंतुसंसर्गाचं प्रमाण रुग्णाचं नसलं तरी रुग्णालयाच्या मालकीचं असतं, तेव्हा ते लिहिण्याआधी इन्चार्जना विचारावं.

फोटोंची गंमत निराळीच. ड्युटीवरच्या हसऱ्या सेल्फीत मागे मॉनिटर असतो, खाटेवर नावाची पाटी असते, टेबलावर केसपेपर उघडा पडलेला असतो. चेहरा धूसर करून भागत नाही, कारण आयपीडी नंबर तसाच वाचता येतो. वॉर्डाबाहेर, साध्या भिंतीसमोर काढलेला फोटो बरा.

फिजिओथेरपिस्टची चूक बहुधा आभार मानताना होते. एखादा माणूस दवाखान्याबद्दल चार चांगले शब्द जाहीरपणे लिहितो. उत्तर जातं, ‘काका, गुडघा आता कसा आहे? ऑपरेशननंतर तुम्ही खूप मेहनत घेतलीत!’ काकांनी गुडघ्याचं नावही काढलेलं नसतं. ‘आपल्या शब्दांबद्दल आभार’ एवढंच पुरे. हीच शिफारस प्रोफाइलवर लावायची तर आधी काकांना विचारायला हवं, कारण तिथे ते रुग्ण म्हणून जगासमोर येतात. सहकाऱ्याची किंवा वरिष्ठ सिस्टरची शिफारस घेतली तर हा प्रश्न सहसा येत नाही.

मजकूर तयार झाला की तो अनोळखी माणसाला वाचायला देऊन उपयोग नाही. त्याला काहीच ओळखीचं वाटणार नाही. त्याच वॉर्डात त्या काळात ड्युटी केलेल्या सहकाऱ्याला द्यावा. वाचता वाचता ती ‘अगं, ही त्या बाईंची केस ना?’ म्हणाली, तर ते वाक्य जायलाच हवं. मुलाखतीत ‘सर्वांत अवघड केस सांगा’ असं विचारलं, तरी हीच चाळणी लावायची : बाळाचा श्वास कसा मंदावला, आधी काय केलं, डॉक्टरांना कधी बोलावलं, हे सगळं सांगावं. महिना, गाव आणि घराणं सांगायचं कारण नाही.